"हे शॉर्ट सर्किट पाहिलं कोणी?"

भोसरीतल्या आमच्या पॅकेजिंग युनिटला मध्यरात्री आग लागली आणि क्लेमचं सगळं काम माझ्याकडे आलं. सुपरवायझरने सकाळीच अहवाल लिहून ठेवला होता: 'रात्री अडीचच्या सुमारास शॉर्ट सर्किट होऊन गोदामातील माल जळाला.' विमा कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरसाहेबांनी तो वाचला. मी नुकसानीचा तक्ता पुढे सरकवत होतो, पण त्यांनी विचारलं, "हे शॉर्ट सर्किट पाहिलं कोणी?"

पाहिलं कोणीच नव्हतं. वॉचमनला दिसला होता तो शटरखालून येणारा धूर. तो कुठे उभा होता, धूर कुठल्या बाजूचा होता, तेव्हा शेडमधले दिवे चालू होते का, हे त्यांनी त्याच्याच तोंडून लिहून घेतलं. दिवे चालू होते, थोड्या वेळाने गेले, असं तो म्हणाला. अहवालात यातलं काहीच नव्हतं. होता तो फक्त निष्कर्ष.

मग वेळा. वॉचमनने मालकांना केलेला फोन, अग्निशमन दलाच्या दाखल्यावरची वर्दीची वेळ आणि सीसीटीव्ही. कॅमेऱ्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे निघालं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. साहेबांनी मोबाइलशी ताडून फरक टिपून ठेवला, बस्स. सगळ्या वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या की उलट जास्त विचारावं लागतं, म्हणाले.

शेडमधल्या विजेच्या पॅनेलचा सांगाडा भंगारात गेला नव्हता हे नशीब. तांब्याच्या एका तारेच्या टोकाला गोल मणी होता आणि त्याच्या मागची तार जशीच्या तशी होती. नुसत्या आगीच्या धगीने तांबं वितळलं तर ते बरंच अंतर ओघळलेलं, कमी-जास्त जाड झालेलं दिसतं. असा मणी म्हणजे तिथे ठिणगी उडाली. पण आगीत वायरचं आवरण जळूनही शॉर्ट होतं, त्यामुळे एकट्या मण्यावरून आधी काय झालं ते ठरत नाही. पॅनेलच्या वरची भिंत सर्वांत जास्त भाजलेली होती आणि वॉचमनने धूरही त्याच बाजूला पाहिला होता. या गोष्टी जुळल्यावरच त्यांनी कारण मान्य केलं.

एवढा कीस कशासाठी, हे पॉलिसी उघडल्यावर कळलं. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत ज्या विद्युत उपकरणात शॉर्ट सर्किट झालं, त्या उपकरणाचं नुकसान वगळलेलं असतं. तिथून आग पसरून जे जळतं ते मात्र धरलं जातं. म्हणजे त्या एका ओळीवर पैसे कशाचे मिळणार तेही ठरत होतं. खोक्यांचा साठा स्टॉक रजिस्टर आणि बँकेला दिलेल्या स्टेटमेंटवरून फारशी कटकट न होता मंजूर झाला. पॅनेलचे पैसे नाहीत. ते नवं आम्ही आमच्या खर्चाने बसवलं.