भाड्याचं घर सोडताना वीज आणि गॅसचा ऑटोपे: माझा अनुभव

घोडबंदर रोडवरचं भाड्याचं घर सोडून आम्ही ऐरोलीला आलो. सामान, ट्रक, डिपॉझिट हे सगळं डोक्यात असतंच. मला सगळ्यात जास्त काळजी होती ती ऑटोपेची. महावितरणचं बिल माझ्या यूपीआय अॅपमधून आपोआप जात होतं आणि महानगर गॅसचं बँकेच्या नेटबँकिंगमधून क्रेडिट कार्डावर. दोन्ही कनेक्शनं मात्र घरमालकीण काकूंच्या नावावर होती.

अॅप बिल शोधतं ते बारा अंकी ग्राहक क्रमांकावरून. त्या घरात कोण राहतं, हे त्याला कळत नाही. मी निघून गेले आणि नवा भाडेकरू आला, तरी त्या क्रमांकावर निघालेलं बिल माझ्याच खात्यातून जाणार. शिवाय गेलेले पैसे त्या ग्राहक क्रमांकावर जमा होतात. जास्त गेले तर पुढच्या बिलात वळते होतात, म्हणजे फायदा घरात राहणाऱ्याला. ते माझ्या खात्यात परत आणणं सोपं नाही. म्हणून काय आधी आणि काय नंतर करायचं, हे मी नीट ठरवून घेतलं.

हातात असलेलं विजेचं बिल मी ऑटोपेवर न सोडता स्वतः भरलं. भरल्यावर लगेच अॅपवर विश्वास ठेवला नाही, कारण महावितरणकडे नोंद दिसायला कधी कधी एक-दोन दिवस लागतात. त्या मधल्या वेळात ऑटोपे चालला तर तेच बिल दुसऱ्यांदा जाऊ शकतं. म्हणून महावितरणच्या साइटवर ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी शून्य दिसते का ते पाहिलं, पावती डाउनलोड केली आणि मग ऑटोपेला हात लावला.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने तपासावी. अॅपमधल्या यादीतून वीजबिलाची नोंद काढून टाकली, तरी माझ्या अॅपमध्ये मँडेट तसंच चालू होतं. यादी म्हणजे नुसती आठवण. पैसे कापायची परवानगी मँडेटमध्ये असते आणि ते यूपीआय अॅपच्या ऑटोपे किंवा मँडेट या भागात वेगळं दिसतं. तिथे जाऊन रद्द करायचा पर्याय निवडला, यूपीआय पिन टाकला, तेव्हा स्थिती Active ची Revoked झाली. त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. नुसतं Pause करून ठेवू नका, ठरावीक मुदतीनंतर ते पुन्हा सुरू होऊ शकतं. फोनमधून अॅप काढून टाकल्यानेही मँडेट रद्द होत नाही, कारण ते बँकेकडे नोंदलेलं असतं.

गॅसचं वेगळं होतं. बँकेच्या बिलपेमध्ये बिलर म्हणून नोंद एकीकडे आणि ऑटोपे दुसरीकडे. आधी ऑटोपे बंद केला, मग बिलर काढला. नंतर कार्डाच्या भागात जाऊन स्टँडिंग इन्स्ट्रक्शनची यादी पाहिली, तिथे काही उरलं नव्हतं. कार्डाच्या अशा आवर्ती कपातीआधी किमान 24 तास सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण मेसेजच्या गर्दीत ती सहज नजरेआड होते, तिच्या भरवशावर राहू नये.

आता खरा प्रश्न: शेवटच्या बिलानंतर घर सोडेपर्यंत वापरलेल्या विजेचं काय? किल्ली देण्याच्या दिवशी काकू डोंबिवलीहून आल्या. आम्ही दोघी मीटरजवळ उभ्या राहिलो. मीटरचा नंबर आणि रीडिंग एकाच फोटोत येईल असा फोटो काढला आणि तिथेच त्यांना पाठवला. शेवटच्या बिलातलं रीडिंग 8,412 होतं, त्या दिवशी 8,540. म्हणजे माझी 128 युनिट.

काकू म्हणाल्या, "अगं, आत्ताच अंदाजाने काहीतरी दे आणि मोकळी हो."

मी म्हटलं, "काकू, बिल येऊ दे. विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिली शंभर युनिट स्वस्त, पुढची महाग. आत्ता माझी 128 युनिट वेगळी धरली, तर स्वस्त टप्पा सगळा माझ्या वाट्याला येतो आणि महाग युनिट तुमच्याकडे राहतात."

त्यांना ते पटलं. पुढचं बिल 208 युनिटचं आलं, रक्कम 2,288 रुपये. स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिटला 11 रुपये पडले. माझा वाटा 128 गुणिले 11, म्हणजे 1,408 रुपये. तेवढे मी काकूंना पाठवले आणि बिल त्यांनी भरलं. माझ्या मते युनिटच्या प्रमाणात वाटणी हीच दोघांना न्याय्य.

गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे तिथे थांबावं लागलं. मीटरवरचे काळे आकडे म्हणजे घनमीटर, तेच लिहून घ्यायचे. लाल आकडे त्याच्या खालचे अंश. मागच्या बिलात 1,236, निघताना 1,258, म्हणजे माझे 22. नंतर आलेलं बिल मात्र अंदाजे रीडिंगवर काढलेलं होतं, कारण घर बंद असल्याने रीडिंग घेता आलं नव्हतं. असं बिल पुढच्या खऱ्या रीडिंगला सुधारलं जातं, पण तोवर मी घरात नसणार. म्हणून बिलातली युनिट बाजूला ठेवली, एका युनिटला किती पडले ते बिलावरून काढलं आणि फोटोतल्या 22 ला तो हिशेब लावला.

पाण्याचा वेगळा हिशेब नव्हता, ते सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये येतं. निघण्याआधी सोसायटीच्या कार्यालयातून त्या महिन्यापर्यंतचं काही बाकी नसल्याचं लिहून घेतलं, बस.

एक काम राहतं ते मोबाईल नंबरचं. महावितरणच्या नोंदीत माझा नंबर होता, त्यामुळे बिलाचा मेसेज मलाच येत राहिला असता आणि काकूंना थकबाकी कळलीच नसती. त्यांच्या फोनवरून 9930399303 या नंबरला असा एसएमएस पाठवला, शेवटी घराचा बारा अंकी ग्राहक क्रमांक:

```
MREG 123456789012
```

गॅस कंपनीकडचा नंबरही काकूंनी त्यांच्या खात्यातून बदलून घेतला.

आणि कनेक्शन "बंद" करण्याबद्दल. आमच्या एका शेजाऱ्याला वाटत होतं की घर सोडताना वीज कायमची बंद करायचा अर्ज द्यावा, म्हणजे सुरक्षा ठेव परत मिळेल. कनेक्शन मालकाच्या नावावर असेल तर ते करू नये. ठेव मालकाची असते, आणि कायमस्वरूपी खंडित केल्यावर मीटर काढून नेतात. पुढच्या भाडेकरूसाठी मालकाला नवीन जोडणीचा अर्ज करावा लागतो. कनेक्शन तुमच्या स्वतःच्या नावावर असेल, तरच तो अर्ज तुमचा. तेव्हा शेवटचं बिल भरून उरलेली ठेव कोणत्या खात्यात यावी, ते अर्जातच लिहून द्या.

गॅसचा हिशेब मिटल्यावर काकूंनी डिपॉझिटमधून राखून ठेवलेली रक्कम परत केली. पुढच्या बिलाच्या तारखेला मी दोन्ही खात्यांचं स्टेटमेंट पाहिलं, जुन्या घराच्या नावाने काहीही कापलं गेलं नव्हतं.