त्रेचाळीस जागा

रविवार, रात्री साडेअकरा

जेवणं उरकली आणि भाची लॅपटॉप घेऊन आली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात दुपारी तेवढी शांतता असते. समाजशास्त्राच्या एम.ए.चा टर्म पेपर आहे तिचा. ऑगस्ट २०२४ मधल्या विश्वामित्रीच्या पुराचा नदीकाठच्या वस्त्यांवर काय परिणाम झाला, हा विषय. उद्या द्यायचाय. "आत्या, स्पेलिंग सगळं बघितलंय, एकसुद्धा लाल रेघ नाही," म्हणाली. आणि पहिल्याच पानावर ‘त्यांची घरं’ लिहिताना तिने `there` टाकलेलं! लाल रेघ येईल कशी? शब्द कोशात आहेच की. चूक शब्दात नाही, जागेत आहे.

इतकी वर्षं इंग्रजी शिकवल्यावर एवढं मला पक्कं कळलंय, की या चुका वाचत जाऊन सापडत नाहीत. डोळा अर्थामागे पळतो. मग वाचायचं नाही, शोधायचं. मी तिला Ctrl+F दाबायला लावलं आणि नुसतं `ffect` लिहायला सांगितलं. पहिलं अक्षर सोडलं की `affect`, `effect` आणि त्यांचा सगळा गोतावळा एकदम हाती येतो. त्रेचाळीस जागा निघाल्या. आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस `a` ने सुरू होणाऱ्या!

तिथेच मी थांबले. पुराच्या परिणामांवर बावीस पानं लिहायची आणि ‘परिणाम’ या नामासाठी लागणारा `effect` एकदाही यायचा नाही, हे शक्यच नाही. विचारलं तेव्हा कळलं. एका मैत्रिणीने दोनचार ठिकाणी चूक दाखवली, म्हणून हिने रिप्लेस ऑल करून टाकलं. फाइल सेव्ह करून बंदही केली, त्यामुळे Ctrl+Z ची सोय गेली. त्या एका क्लिकने `effective` चं `affective` झालं होतं. आणि तोही खरा शब्द! मानसशास्त्रात भावनांशी संबंधित अशा अर्थाने येतो. म्हणजे ‘परिणामकारक मदत’ लिहिलेलं ‘भावनिक मदत’ झालं, आणि स्पेलचेकर गप्प.

मग एकेक जागा हाताने. आपल्याकडे गोंधळ का होतो, ते मला आज नीट दिसलं. बोलताना आपण खरं तर अफेक्ट आणि इफेक्ट वेगळं म्हणतो, कान चुकत नाही. पण मनात मराठी वाक्य असतं, आणि मराठीत दोन्हीकडे ‘परिणाम’च येतो. पुराचा परिणाम, आणि पुराने दुकानांवर परिणाम केला. म्हणून तिला सांगितलं, नुसतं ‘परिणाम’ बसलं तर `effect`, ‘परिणाम केला’ किंवा ‘झळ बसली’ असं म्हणावं लागलं तर `affect`. सातआठ जागांनंतर तिला माझी गरज उरली नाही.

`there` सोपं गेलं. फक्त पूर्ण शब्द शोधायची खूण आधी करायला हवी, नाहीतर `therefore` सगळे मधे येतात. ‘त्यांचा, त्यांची, त्यांचे’ बसलं की `their`. ‘तिथे’ बसलं, किंवा मराठीत त्या जागी काहीच लागलं नाही, की `there`. ‘तीन छावण्या होत्या’ यात आपल्याला कुठे काय लागतं? मग `their` ही शोधलं, कारण उलटी चूकही असते. दोन निघाल्या. एका अहवालातलं उतारा म्हणून घेतलेलं वाक्य मात्र मी तिला मूळ अहवालाशी ताडून बघायला लावलं. अवतरणचिन्हांच्या आत आपली दुरुस्ती चालत नाही. मूळातच चूक असेल तर ती तशीच ठेवून पुढे चौकोनी कंसात `sic`.

शेवटी एक वाक्य अडलं. मदत छावणी आणि शाळा बंद होणं, या दोन्हींच्या मधे क्रियापद. `affected` लिहिलं तर छावणीमुळे बंद राहण्यात काही फरक पडला, समजा मुदत वाढली. `effected` लिहिलं तर छावणीनेच शाळा बंद पाडली, कारण क्रियापद म्हणून `effect` म्हणजे घडवून आणणं. व्याकरणाला दोन्ही चालतात. मला ते ठरवताच येईना.

"शाळा आधीच बंद होती का गं?" मी विचारलं.

ती गप्प बसली. मग पिशवीतून मुलाखतींची वही काढली आणि त्या शाळेच्या शिपायाशी झालेलं बोलणं शोधत बसली. चहा निवला तरी पानं उलटत होती.