दंडावरचा व्रण

"लहानपणी बीसीजी टोचलं होतं ना? मग एवढ्या मोठ्या माणसाला टीबी झालाच कसा? लसच बोगस होती का?" असं लोक विचारतात.

लस बोगस नव्हती. टोचलं मीच होतं, डाव्या दंडावर, कातडीच्या आतल्या आत, 0.05 मिली. संत्र्याच्या सालीसारखा बारीक फुगवटा उठलेला मला अजून आठवतो, कारण ते पोर हाताला हिसके देत होतं. चूक झाली ती सुई काढल्यावर. आईला म्हणाले, "झालं, आता याला टीबीची भीती नाही."

22 वर्षांनी ती माउली त्याला घेऊन उपकेंद्रात आली. महिनाभर खोकला, थुंकी पॉझिटिव्ह. काही न बोलता तिने त्याच्या शर्टाची बाही वर सरकवली आणि व्रणावर बोट ठेवलं. भांडली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं. मुलगा मात्र लाजून बाही खाली ओढत होता.

"लस घेतली म्हणून तर तो लहानपणी वाचला," असं मी म्हणाले. ते खरं असेलही, पण त्या एका मुलापुरतं ते कोण सिद्ध करणार?

तान्ह्या बाळात टीबीचे जंतू फुफ्फुसातून रक्तात उतरतात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात, नाहीतर अंगभर पसरतात. अनोळखी जंतूला बाळाचं शरीर वेळेत अडवू शकत नाही. बीसीजीमुळे ती ओळख आधीच झालेली असते, त्यामुळे पसरणाऱ्या जंतूंना पेशी लवकर गाठतात. मोठ्यांचं दुखणं निराळं. तिथे जंतू फुफ्फुसातच, ज्या पेशींनी त्याला गिळलं त्यांच्याच पोटात तग धरून बसतो. दंडावर टोचलेल्या लसीने फुफ्फुसात कायमचा पहारा फारसा बसत नाही, आणि जो असतो तोही वर्षागणिक ओसरतो. शिवाय फुफ्फुसाला पोकळी पडते ती बऱ्याच अंशी आपल्याच शरीराच्या मारामारीत. टीबी होऊन बरा झालेल्यालाही तो पुन्हा होतो. प्रत्यक्ष रोग जे शिकवू शकत नाही, ते लशीतल्या जंतूने, त्याच्या दुबळ्या भावंडाने शिकवावं, ही अपेक्षाच जास्त.

हे आधी माहीत नव्हतं असंही नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टूला 1968 पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर ही लस तपासली, 15 वर्षं पाठपुरावा केला. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीपासून संरक्षण मिळालं नाही. मी टोचायला लागले तेव्हा हे छापून आलेलं होतं. रांगेत चाळीस बाळं असताना कोण सांगत बसणार, असं मी तेव्हा स्वतःला म्हणायचे. आजही कधी कधी म्हणते.

आता सांगते, "ही लस मेंदूच्या टीबीपासून जपते, मोठेपणी खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासा." मागच्या बुधवारी "मेंदू" ऐकताच एक आई बाळाला छातीशी धरून उठलीच. आशाताईने तिला दारातून परत आणलं.