तुम्ही विचारलंत म्हणून: गालावरची लव आणि रेझर

"ताई, चेहऱ्यावर रेझर फिरवला की केस जाड आणि काळे येतात ना?"

नाही येत. पण तसं वाटतं हे मात्र खरं. गालावरच्या लवेचं टोक निमुळतं असतं म्हणून ती मऊ लागते, ब्लेडने ती मधेच कापली की टोक बोथट होतं आणि चार दिवसांनी हात फिरवला की खरखरीत लागतं. केस किती जाड यायचा हे ठरतं त्वचेच्या आत मुळाशी, आणि ब्लेड तिथवर पोचतच नाही. 1970 च्या एका अभ्यासात पाच पुरुषांनी काही महिने दर आठवड्याला एकाच पायाचे केस काढले, दुसरा पाय तसाच ठेवला, शेवटी केसांच्या जाडीत आणि वाढीच्या वेगात फरक निघाला नाही.

माझी भाची गड्ड्याच्या जत्रेच्या वेळेला घरी आली तर गाल लालभडक, बारीक पुळ्या, आणि "मावशी, केस जाड झाले" म्हणून रडवेली. मी खिडकीपाशी नेऊन बघितलं तर केस तेवढेच बारीक, टोचत होत्या त्या पुळ्या. महिनाभर वापरलेलं तेच ब्लेड, ओल्या चेहऱ्यावर, तेही खालून वर उलटं, आणि वरून लगेच अॅसिडचं सीरम! गाल पूर्ण बरा होईपर्यंत मी तिला रेझरला हात लावू दिला नाही.

नंतर मग नीट केलं. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करायचा, तेल-क्रीम काही नाही. एका हाताने कानाजवळची कातडी वर ताणून धरायची, चेहऱ्याचा रेझर साधारण 45 अंशात तिरका धरायचा आणि लव ज्या बाजूला वाढते त्या बाजूला, म्हणजे गालावर बहुतेक वरून खाली, छोटे छोटे हलके हात मारायचे. दाब द्यावा लागतोय म्हणजे ब्लेड बोथट झालंय, दोन-तीन वेळा वापरलं की टाकून द्या. पिंपल, एक्झिमा, जखम असेल तिथे फिरवायचंच नाही. नंतर साधं मॉइश्चरायझर, त्या दिवशी रेटिनॉल किंवा अॅसिड नको, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात सनस्क्रीनशिवाय बाहेर पडू नका, कारण लवेबरोबर वरची मेलेली कातडीही निघते आणि गाल नाजूक होतो.

तिची भीती जाईना म्हणून मी फक्त उजवा गाल केला, डावा सोडला. दीड-दोन महिन्यांनी तिला डोळे मिटून हात फिरवायला लावला, कुठला गाल केलेला ते तिला ओळखता आलं नाही.

हे सगळं मऊ लवेबद्दल. हनुवटीवर किंवा जबड्याखाली नव्याने जाड काळे केस यायला लागले आणि पाळीही पुढे-मागे होत असेल तर ते रेझरमुळे नाही, बऱ्याचदा हार्मोन्समुळे असतं, पीसीओएसमध्ये होतं तसं. अशा बायकांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवते.