μ चा आकडा उसना घेता येत नाही

*"माझ्या ईसीजीवर μ = 0.02 ठेवला की पन्नास हर्ट्झचा हम छान जातो. तोच कोड मैत्रिणीच्या फाइलवर चालवला की nan येतं. μ नेमका किती ठेवायचा?"*

μ म्हणजे हम काढणारा एलएमएस फिल्टर दर सॅम्पलला आपली वजनं किती सरकवतो, तो आकडा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आधी मैत्रिणीच्या फाइलमधला रेफरन्स सिग्नल उघडून त्याचा आवाका बघा. तुमच्या फाइलमध्ये तो −१ ते +१ असेल. तिच्याकडे तो एडीसीच्या काउंटमध्येच राहिलेला असेल, समजा −२०० ते +२००. अशा बहुतेक तक्रारींत मला हेच सापडलं आहे. पण त्यामुळे फिल्टर का फुटतो, हे कळलं की μ निवडणं तुमच्या हातात येईल.

मांडणी साधी आहे. ईसीजीच्या इनपुटला `d` म्हणू, त्यात हृदयाचा सिग्नल आणि हम दोन्ही आहेत. रेफरन्स मेन्समधून घेतलेला, म्हणजे नुसता हम. त्याची एक प्रत तशीच आणि दुसरी ९० अंश मागे सरकवलेली, अशा दोन प्रती, `c` आणि `s`, घ्यायच्या. या दोघींना योग्य वजनं दिली की कुठल्याही उंचीचा आणि कुठल्याही फेजचा पन्नास हर्ट्झचा साइन तयार होतो, म्हणून `w` मध्ये दोन वजनं पुरतात. तो साइन `d` मधून वजा केला की उरतो तो `e`, आणि हा `e` च आपला स्वच्छ ईसीजी.

```python
w = np.zeros(2)
e = np.zeros(len(d))
for n in range(len(d)):
    x = np.array([c[n], s[n]])
    e[n] = d[n] - w @ x
    w = w + mu * e[n] * x
```

शेवटची ओळ म्हणजे विड्रो आणि हॉफ यांनी १९६० मध्ये मांडलेला नियम. `e²` चा उतार `-2ex` येतो, आणि आपण त्याच्या उलट दिशेने थोडं सरकतो. मला मात्र या ओळीकडे वेगळ्या नजरेने बघायला आवडतं. `e` आणि `x` यांचा गुणाकार दर सॅम्पलला एकच विचारतो: उरलेल्या सिग्नलमध्ये हमसारखं काही अजून आहे का? असेल तर गुणाकार एकाच बाजूला साचत जातो आणि वजनं सरकतात. हृदयाच्या ठोक्याचा हमशी संबंध नसतो, त्यामुळे त्याचे गुणाकार कधी अधिक, कधी उणे येऊन एकमेकांना खोडतात. हम जातो आणि ठोका राहतो तो यामुळेच.

आता μ ची मर्यादा. एका सॅम्पलवर वजनं बदलली आणि त्याच सॅम्पलची चूक नव्या वजनांनी पुन्हा मोजली, तर ती येते `e(1 - μ‖x‖²)`. रेफरन्सची उंची `A` असेल, तर ९० अंशांच्या दोन प्रतींमुळे `‖x‖²` कायम `A²` असतो. `μA²` ला `a` म्हणू. `a` एक असला तर त्या क्षणाची चूक पूर्ण पुसली जाते. एकच्या पुढे गेलो की आपण पलीकडे जाऊन पडतो, आणि दोनच्या पुढे गेलो की जितके चुकलो होतो त्याहून जास्त पलीकडे. या दोन वजनांच्या फिल्टरचं ट्रान्सफर फंक्शन नेमकं मांडता येतं, आणि त्याचे पोल एकक वर्तुळाच्या आत राहण्याची अटही हीच निघते: `0 < μ < 2/A²`.

इथे एक जागा फसवी आहे. पुस्तकातली ओळखीची अट `μ < 2/λmax` अशी असते, `λmax` म्हणजे `x` च्या कोरिलेशन मॅट्रिक्सची सर्वांत मोठी आयगनव्हॅल्यू. आपल्याकडे दोन्ही आयगनव्हॅल्यू `A²/2`, म्हणजे ती अट `4/A²` पर्यंत मोकळीक देते, आणि तिथे फिल्टर नक्की फुटतो. ती अट वजनांच्या सरासरीपुरती आहे, आणि लागोपाठच्या `x` चा एकमेकांशी संबंध नाही असं धरून काढलेली आहे. साइनच्या बाबतीत ते गृहीतक अजिबात टिकत नाही. म्हणून मी आयगनव्हॅल्यूंच्या बेरजेने, म्हणजे रेफरन्सच्या एकूण पॉवरने भागतो. ती बेरीज इथे `A²` आहे. काही लेखनात नियमातच `2μ` असतो, तिथे मर्यादा निम्मी धरायची.

मैत्रिणीच्या फाइलवर हे लावा. `A` २०० असेल तर `A²` झाला ४०,०००, आणि μ ची मर्यादा `0.00005`. तुमच्या ०.०२ मुळे `a` झाला ८००. ५०० हर्ट्झ सॅम्पलिंगला मोठा पोल −६४७ च्या आसपास पडतो, म्हणजे दर सॅम्पलला चूक साधारण साडेसहाशे पट. सुमारे ११० सॅम्पलमध्ये, पाव सेकंदाच्या आत, डबल प्रिसिजन आकड्याची मर्यादा संपते. nan तिथून येतं.

पण nan बरं, कारण ते लपत नाही. `a` दोनच्या आत आहे पण मोठा आहे, ही स्थिती मला जास्त धोक्याची वाटते. मी एकदा `a` ०.५ ठेवला होता. हम क्षणात गेला, रेषा स्वच्छ दिसली, आणि मी ते रेकॉर्डिंग पुढे दिलं. नंतर मूळ सिग्नलवर ते ठेवून पाहिलं तेव्हा टी लाट तिसऱ्या हिश्शाने उंच झालेली होती आणि क्यूआरएसचा आकारही बदलला होता. कारण समीकरणातच होतं: हा फिल्टर पन्नास हर्ट्झला खाच पाडतो, पण खाचेपासून दूर त्याचा गेन `2/(2-a)` असतो. `a` ०.५ असेल तर तो १.३३ होतो. टी लाटेची उंची बघून निदानाचा विचार केला जातो, त्यामुळे ही चूक मी विसरू शकलेलो नाही.

म्हणून μ निवडताना मी मर्यादेपासून सुरुवात करत नाही, खाचेच्या रुंदीपासून करतो. `a` लहान असताना ती रुंदी साधारण `a·fs/2π` हर्ट्झ असते, `fs` म्हणजे सॅम्पलिंगचा दर. `a` ०.०२ आणि सॅम्पलिंग ५०० असेल तर रुंदी सुमारे १.६ हर्ट्झ, दूरचा गेन १.०१, आणि जुळायचा कालस्थिरांक `2/a`, म्हणजे १०० सॅम्पल, ०.२ सेकंद. सेकंदभरात हम विरतो आणि ठोका जवळपास जसाच्या तसा राहतो. मेन्सची वारंवारता थोडी सरकली तरी फिल्टर मागोमाग जाऊ शकतो, तेवढी ही गती पुरते. मैत्रिणीच्या फाइलसाठी याच `a` चा μ होतो `0.0000005`.

दुसरी प्रत नेमकी ९० अंशांवर नसली तरी काम चालतं. ५०० हर्ट्झला एका आवर्तनात दहा सॅम्पल, म्हणजे दोन सॅम्पलचा उशीर ७२ अंशांचा. आयगनव्हॅल्यूंचं गुणोत्तर १.९ होतं, फारसं बिघडत नाही. एकाच सॅम्पलचा उशीर घेतलात तर कोन ३६ अंश, गुणोत्तर साडेनऊ. मग एक दिशा पटकन जुळते, दुसरी साडेनऊपट रेंगाळते, आणि हम अर्धवट जाऊन पुढे हळूहळू उतरताना दिसतो. असं दिसलं तर μ वाढवू नका, उशीर बदला.

दोन फाइलींचा आवाका वेगळा असणारच असेल, तर अपडेटच्या ओळीत `mu` ऐवजी `a / (eps + x @ x)` लिहा. `eps` ही छोटीशी संख्या रेफरन्स शून्यावर असताना भागाकार बिघडू देत नाही. मग ०.०२ हा आकडा तुमच्या फाइलवरही चालेल आणि तिच्याही.