‘घ’ गेला, सूर राहिला

“पंजाबी लोक घोड्याला ‘कोडा’ का म्हणतात? त्यांना ‘घ’ म्हणता येत नाही का?”

त्यांनी ‘घ’ टाकलेला नाही, सुरात जपून ठेवलाय. लुधियानाच्या एका मित्राकडून मी एकदा चाबूक, घोडा आणि कुष्ठरोगी यांचे पंजाबी शब्द म्हणवून घेतले. मला तिन्ही वेळा ‘कोडा’च ऐकू आलं, त्याला मात्र तीन निराळे शब्द. चाबूक सपाट सुरात, घोडा खालच्या, कुष्ठरोगी वरच्या. गुरुमुखीत घोडा अजून ‘घ’नंच लिहितात, आणि कुष्ठरोग्याच्या ‘ड’ला ‘ह’ जोडतात. लिपीत जुना उच्चार तसाच राहिलाय.

हे घडतं गळ्यात. ‘घ’ म्हणताना स्वरतंतू सैल पडतात, हवा निसटते आणि पुढचा स्वर किंचित खालून सुरू होतो. आपल्याही ‘घ’मागे हा उतार असतो. ‘गडी’ आणि ‘घडी’ सावकाश म्हणून बघा. पण आपल्याला ‘घ’ स्वच्छ ऐकू येतो, म्हणून सुराकडे लक्ष जात नाही.

पंजाबीत लक्ष गेलं. लहान मूल बोलणं शिकतं ते कानानं, आणि शब्द ओळखायची खूण म्हणून ते ‘घ’ऐवजी त्याच्यामागचा उतार धरू शकतं. मग बोलताना तो उतार जरा ठळक करतं. त्याच्या पुढच्या पिढीला उतार आणखी स्पष्ट ऐकू येतो आणि ‘घ’ची गरज कमी होते. शेवटी घोष म्हणजे स्वरतंतूंचा कंप जातो, महाप्राण म्हणजे ‘ह’सारखा श्वास जातो, ‘क’ उरतो, तरी घोडा आणि चाबूक यांची गल्लत होत नाही. ‘भाजी’ म्हणजे दादा. त्याचं ‘पाजी’ झालं ते याच वाटेनं.

स्वरानंतरच्या ‘ह’चं मला जास्त अप्रूप वाटतं. पंजाबीत चहाला ‘चाह’ लिहितात. त्यातला ‘ह’ गेला आणि ‘चा’ वरच्या सुरात आला. उतार इथेही आहे, पण स्वराच्या शेवटी. शेवट खाली गेल्यामुळे सुरुवात उंच वाटू लागली.

शेवटचं व्यंजन गळून सूर उरण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण व्हिएतनामीचं. तिच्या नात्यातल्या खमू भाषेत ‘मासा’ या अर्थाचा ‘का’ म्हणताना शेवटी गळा झटकन बंद होतो. व्हिएतनामीत तो झटका गेला आणि ‘का’ला चढा सूर आला. ओद्रिकूर या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं 1954 मध्ये हा मेळ उलगडून दाखवला.

व्यंजन गळलं की सूर येतोच, असं मात्र नाही. हिंदीत ‘सांझ’, आपल्याकडे ‘सांज’. आपल्या ‘झ’चाही महाप्राण गेला, पण मागे सूर राहिला नाही. तो गेला तेव्हा कुणाचा कान सुरावर टेकलेला नव्हता.