भाकरी, ताट आणि गोळी

आजोबा आठव्या दिवशी परत आले आणि रिकाम्या स्ट्रिपा काउंटरवर ठेवल्या. "संपल्या. आन् पोट लई बिघडलंय, पोरी."

माझ्या पोटात गोळा आला. साखरेसाठीची मेटफॉर्मिन, 500 मिलिग्रॅमची, मी 30 दिली होती. रोज दोन म्हणजे पंधरा दिवस पुरायला हव्यात. आठव्या दिवशी संपल्या, म्हणजे रोज चार. मेडिकलमध्ये बसून एक गोष्ट शिकले: पेशंट काय सांगतो त्यापेक्षा उरलेल्या गोळ्या जास्त खरं बोलतात.

"सकाळी किती घेत होता?"

"दोन. रातच्याला दोन. तूच म्हनलीस की, दोन येळा."

म्हणजे 'दोन' लक्षात राहिलं, 'वेळा' गळून गेलं. पाकिटावर मी 1-0-1 लिहिलं होतं, ते नातवाने वाचून दाखवलं: एकशे एक. आजोबांना ती देणगीची पावती वाटली.

डॉक्टरांना फोन केला. हे औषध सुरुवातीला हळूहळू वाढवावं लागतं, एकदम जास्त झालं की जुलाब होतात. आजोबांचं तेच झालं होतं. पोट ठीक होईपर्यंत दोन दिवस थांबा, मग पुन्हा एक-एक, असं ते म्हणाले.

नवीन पाकिटावर मी सूर्य आणि चंद्र काढला. आम्हाला हेच शिकवलेलं. आजोबा बघत राहिले. "ह्या आठवड्यात मोटरीची लाईट रातची हाय. दारं धरून घरी येतो तवा चंद्र मावळलेला असतो. जेवतो तवा तांबडं फुटतंय."

आता ह्यांची रात्र कुठली धरायची? ह्या गोळीला तसं घड्याळाशी देणंघेणं नाही, पोटात अन्न हवं एवढंच. म्हणून सूर्य-चंद्र खोडले आणि दोन भाकऱ्या काढल्या. एकेका भाकरीशेजारी एकेक गोळी. स्वतःवर खूश होते मी.

"आता मला समजावून सांगा, आजोबा."

ही सवय मात्र चांगली लागली आहे. 'समजलं का?' विचारलं तर सगळे मान डोलावतात.

"एका भाकरीला एक गोळी," ते म्हणाले. मग बोटं मोजली. "मी एका जेवनाला दोन भाकरी खातो. म्हंजे सकाळी दोन, राती दोन."

पुन्हा चारच!

भाकऱ्या खोडल्या. ताट काढलं, वाटीसकट. ताटावरून उठलात की एक गोळी, ताट नाही तर गोळी नाही. दोन ताटं, दोन गोळ्या. त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवलं, तेव्हा पाकीट हातात दिलं.

पंधरा दिवस घेऊन झाल्यावर आले. स्ट्रिपमध्ये दोन गोळ्या शिल्लक. मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात तेच म्हणाले,

"मधी एकादशी झाली. त्या दिशी ताटच न्हाई वाढलं."